सात म्हणजे सव्वाबारा

रस्ते विभागाच्या ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे टक्केबाई. नाव कुणी ठेवलं ते तिला ठाऊक होतं, का ठेवलं तेही ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अजूनही वैताग येई. रस्त्याच्या कामात टक्के हा शब्द काढला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येतं. नोकरी नवी होती तेव्हा तिने एका ठेकेदाराला साइटवर बजावलं होतं, "इथे पाच टक्क्यांच्या वर मला अजिबात चालणार नाही." त्याने आजूबाजूला पाहिलं, दोन पावलं जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बाकीचे जास्त घेतात. तुम्ही पाचावरच थांबताय, देव तुमचं भलं करो."

ती रस्त्याच्या चढाबद्दल बोलत होती. तो कशाबद्दल बोलत होता हे कळायला तिला संध्याकाळ झाली. कळल्यावर तिने दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्या मजुरांसमोर असा काही फैलावर घेतला की ती गोष्ट चार ऑफिसांत पोचली आणि नाव कायमचं चिकटलं.

ती उंच, काटक, झपझप चालणारी बाई. पायात कायम बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून वर डोकावणारी मीटरभर लांबीची लेव्हलपट्टी, तीच ती गवंड्यांकडे असते, मधल्या नळीत बुडबुडा असलेली. वडील ट्रकच्या गॅरेजात ब्रेकचं काम करायचे. लहानपणी त्यांना डबा द्यायला गेली की जळक्या लायनरचा वास नाकात बसायचा. घाटातून उतरलेले ट्रक तिथे यायचे आणि वडील ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी न टाकता ते आपोआप निवायची वाट बघत बसायचे. "उतार गाडीला मारतो, चढ नाही मारत," असं ते म्हणायचे. तिने रस्ते बांधायचं शिक्षण घेतलं त्यात वडिलांचा काही हात नव्हता, त्यांना ती बँकेत जायला हवी होती. पण तिला चढउताराचं वेड लागलं ते लागलंच.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. स्वभावाने थंड माणूस. ती घरी येऊन तणतणायला लागली की तो काचा पुसत ऐकून घेई.

"शिकलेली माणसं रे. बारा टक्के म्हटलं की म्हणतात, म्हणजे उभ्या भिंतीच्या बारा टक्के ना?"

"मग तसं नसतं?"

"तूसुद्धा?"

मग तो पुढे काही विचारत नसे. जेवायला वाढून घेई.

तर ही गोष्ट त्या टेकडीवरच्या वस्तीची. वस्ती जुनी, घरं दाटीवाटीची, आणि वर जायला एकच रस्ता, नाकासमोर सरळ चढणारा. खाली बाजार, दवाखाना, शाळा, वर माणसं. वस्तीतल्या लोकांनी बससाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. त्यात तिची मावशीही होती. आईच्या पाठची, एकटी राहणारी, दोन्ही गुडघे गेलेली. मावशी खाली उतरायची ती दर थोड्या पावलांवर कुणाच्या तरी ओट्यावर बसत, आणि वर जाताना रिक्षावाल्याची मनधरणी करत.

शेवटी एकदाचं बसचं मनावर घेतलं गेलं. त्या भागाचे नगरसेवक निवडून आले ते बसच्याच आश्वासनावर, तेव्हा त्यांना घाई होती. त्यांनी बस डेपोच्या मॅनेजरला गाठलं. डेपोत गाड्यांचा इंजिनिअर नव्हता. आधीचा निवृत्त झाला आणि जागा रिकामीच राहिली होती. मॅनेजर तिकीट विभागातून आलेले, हिशेबाला चोख, बोलायला गोड. नियम त्यांनी वाचला होता: भरलेल्या गाडीच्या रोजच्या मार्गावर चढ आठ टक्क्यांपेक्षा जास्त नको. मग ते स्वतः टेकडीच्या रस्त्यावर गेले, मोबाइल फोन रस्त्यावर ठेवला, आणि फोनने सांगितलं, सात.

सात आठापेक्षा कमी. झालं काम.

फाइल सहीसाठी रस्ते विभागात आली, कारण रस्ता या विभागाचा. टक्केबाईने ती उघडली, सात वाचलं, आणि खुर्चीत मागे टेकली. त्या रस्त्याने ती लहानपणापासून मावशीकडे जात होती. सात टक्के चढावर माणूस गप्पा मारत चालतो. त्या रस्त्यावर बोलणं आपोआप बंद पडतं.

तिने डेपोत फोन लावला. "साहेब, हा सात आकडा कुठून आला?"

"मी स्वतः मोजला मॅडम. फोनवर. तीन ठिकाणी ठेवून बघितला. कुठेही सात."

"फोनवर सातच्या पुढे काय होतं?"

"पुढे? काही नाही. छोटंसं गोल होतं वर."

"ते अंशाचं चिन्ह आहे. तुमचा नियम टक्क्यांत आहे."

मग मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, आकडा तर सातच आहे ना."

तिने फोन ठेवला आणि टेबलावर कपाळ टेकवलं. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कने न विचारता तिच्यासमोर चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरना रस्त्यावरच बोलावलं. नगरसेवकही आले, बरोबर चार कार्यकर्ते. सकाळची वेळ, शाळेची मुलं धापा टाकत वर चाललेली, दूधवाला सायकल ढकलत. तिने पिशवीतून लेव्हलपट्टी काढली. पट्टीचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं टोक उताराच्या दिशेने हवेत धरलं, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत हाताने वरखाली केलं. पट्टी आडवी स्थिर झाली तशी ती मॅनेजरना म्हणाली, "आता या टोकाखाली टेप लावा. पट्टीपासून रस्त्यापर्यंत किती भरतं बघा."

मॅनेजर वाकले. "बारा. बाराच्या थोडं वर."

"पट्टी शंभर सेंटीमीटरची. म्हणजे शंभर आडवं गेलं की बारा आणि थोडं उभं. त्याला म्हणतात बारा टक्के. सव्वाबारा धरा. आता फोन ठेवा."

फोन ठेवला. सात.

"दोन्ही बरोबर आहेत," ती म्हणाली. "फोन सांगतो रस्ता किती तिरपा आहे, कोन. पट्टी सांगते किती आडवं गेल्यावर किती वर चढला. सात अंशांचा कोन असला की शंभर मीटरला सव्वाबारा मीटर चढतो. तुमचा नियम आठ मीटरचा आहे. हा रस्ता नियमाच्या दीडपट आहे."

मॅनेजर पट्टीकडे पाहत राहिले. त्यांना पटलं असावं, असं तिला वाटलं. मग नगरसेवकांनी घसा साफ केला.

"मॅडम, माझा एक विचार आहे. एक मशीन सात सांगतंय, एक बारा सांगतंय. आपण मधला काढू. साडेनऊ. आणि थोडी सवलत धरली तर आठच्या आसपास येतं."

तापमापकात शंभर आणि वजनकाट्यावर साठ आलं तर त्यांचा मधला काढून माणसाला औषध देतात का, असं विचारावंसं तिला वाटलं. पण नगरसेवकांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की शब्द तोंडातच राहिले.

"मधला निघत नाही साहेब," ती एवढंच म्हणाली. "ही दोन मापं आहेत."

"पण टक्के शंभर असतात आणि अंश नव्वद," एक कार्यकर्ता पुढे सरसावला. "म्हणजे जवळजवळ सारखेच ना?"

"नाही. नव्वद अंश म्हणजे उभी भिंत. शंभर टक्के म्हणजे शंभर आडवं, शंभर उभं, म्हणजे पंचेचाळीस अंश. जिन्यापेक्षाही जास्त चढ, पण भिंत नव्हे. भिंतीला टक्केच नसतात, कारण भिंत आडवी जातच नाही."

"असं कसं," कार्यकर्ता म्हणाला. "सगळ्याला टक्के असतात."

बाकीचे हसले. तिने पट्टी पिशवीत घातली.

ऑफिसात मोठे साहेब होते. ते इंजिनिअर होते, त्यांना सगळं कळत होतं, आणि तीच खरी अडचण होती. न कळणाऱ्याला समजावता येतं. मोठ्या साहेबांनी तिचं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तू म्हणतेस ते शंभर टक्के बरोबर आहे."

"पंचेचाळीस अंश बरोबर आहे म्हणा," ती म्हणाली.

ते हसले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पण वस्तीला बस हवी आहे गं. आपण आडवे आलो असं दिसायला नको. डेपोवाले म्हणतायत, त्यांच्या नियमात मुळात अंशच अभिप्रेत असतील, लिहिताना टक्के झाले असतील. ते वरून तसा खुलासा मागवतायत. आठ अंश असं."

"आठ अंश म्हणजे चौदा टक्के. भरलेली बस घेऊन रोज चौदा टक्के? शाळेच्या फाटकासमोर उतरणाऱ्या रस्त्यावर?"

"खुलासा अजून आला नाही ना."

"आला तर?"

"तर तो त्यांचा निर्णय. आपण फक्त रस्ता देतो."

ती उठली. दाराशी जाऊन परत आली. "साहेब, चिन्ह बदलून टेकडी खाली बसत नाही. मी सही करणार नाही."

"मला माहीत होतं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच सुस्कारा टाकला.

आठवडाभरात वस्तीत बातमी पोचली: बस आली होती, एका बाईने अडवली. ती बाई कोण, हे मावशीला भाजीवालीकडून कळलं. रविवारी टक्केबाई वर गेली तेव्हा मावशी दारातच बसली होती. तिने "ये" म्हटलं नाही.

"गुडघे कसे आहेत?"

"तुला काय करायचंय. तू रस्त्याचे गुडघे बघ."

"मावशी, ऐकून तरी घे."

"काय ऐकू? सगळे म्हणतात सात. तू एकटी म्हणतेस बारा. लहानपणापासून तुझं असंच. आईनं दोन लाडू दिले तर तू मोजून सांगायचीस, एक मोठा आणि एक लहान."

"तेव्हाही मी बरोबरच होते."

मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिने ते दाबलं. "हे बघ, माझं वय झालं. मला तुझं गणित नको. मला बस हवी."

खाली उतरताना टक्केबाईच्या मागून दोन बायका बोलत होत्या, मुद्दाम मोठ्याने. तिने वळून पाहिलं नाही. पायांखालचा उतार तिला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वाटला, आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण तो सव्वाबाराच होता.

घरी तिने जेवताना ताट दूर सारलं. "मी मूर्ख आहे का रे? सही केली तर उद्या बस सुरू होईल, मावशी खूश, नगरसेवक खूश."

नवरा विचार करून म्हणाला, "माझ्या दुकानात लोक येतात, शेजाऱ्याचा चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, मला यातून छान दिसतंय, हाच द्या. मी देत नाही. शिव्या देऊन जातात."

"मग परत येतात?"

"काही येतात. काही दुसरीकडून घेतात."

ही काही दिलाशाची गोष्ट नव्हती, पण ती जेवली.

खुलासा आला नाही, कारण वरच्या ऑफिसात कुणीतरी तो विचार ऐकून फाइल परत पाठवली. मग नगरसेवकांनी नवा मार्ग काढला: चाचणी. बस प्रत्यक्ष चढवून दाखवायची. ठरलेल्या दिवशी रिकामी बस आली. स्टिअरिंगवर डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत. बस सरळ वर गेली, वळली, हॉर्न वाजवला. वस्तीने टाळ्या वाजवल्या. नगरसेवकांनी टक्केबाईकडे पाहिलं.

"चढली की मॅडम."

"चढणारच. या गाड्या याहून जास्त चढतात. प्रश्न एकदा चढायचा नाही. भरलेली गाडी, मधल्या थांब्यावर थांबून, पुन्हा उचलायची, पुन्हा उतरवायची, दिवसभर. रेतीची पोती भरा. माणसं नकोत. मग बघू."

मॅनेजरनी कुरकुर केली, पण मामा म्हणाले, "भरा. मलाही बघायचंय." दुपारपर्यंत सीटांवर पोती चढली. तिने खालच्या टोकाला शाळेच्या बाजूचा रस्ता बंद करून घेतला, त्याबद्दलही बोलणी खाल्ली.

पहिल्या फेरीत बस चढली. मधल्या थांब्यावर थांबून उचलताना हातभर मागे सरकली, मग गुरगुरत निघाली, आणि क्लचचा वास सुटला. उतरताना मामांनी पहिला गिअर सोडला नाही, थांब्यावर थांबले, खाली आले. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत बस वरून उतरू लागली आणि मधल्या थांब्याजवळ येता येता मागच्या चाकांतून पांढरा धूर निघताना सगळ्यांना दिसला. बस थांबली, पण थांब्याच्या पुढे जाऊन. दार उघडलं, मामा खिडकीतून ओरडले, "दगड लावा, चाकांना दगड."

लोक धावले. टक्केबाईही धावली. जवळ जाताच तिच्या नाकात तोच वास शिरला, वडिलांच्या गॅरेजचा. कुणीतरी बादलीभर पाणी घेऊन आलं होतं. तिने त्याचा हात धरला. "तापलेल्या ड्रमवर पाणी टाकू नका. तडा जाईल. निवू दे."

मामा खाली उतरले. कपाळ पुसत म्हणाले, "ब्रेकचं पॅडल आत जायला लागलं होतं. जोर धरेना. एकदा पोचवीन, रोज नाही नेणार. गाडीत पोरं असली तर मुळीच नाही."

बस तिथेच रस्त्याच्या मध्ये, चाकांना दगड लावून, संध्याकाळपर्यंत उभी राहिली. पोती माणसांनी एकेक करून खाली उतरवली. आणि तरीही, पोती उतरवताना, नगरसेवक तिच्या शेजारी येऊन म्हणाले, "गाडीच जुनी होती मॅडम. नवी गाडी असती तर कदाचित..."

"नवी गाडी आल्यावर ती किती वर्षं नवी राहते साहेब?" ती म्हणाली, आणि थकून एका पोत्यावर बसली. खरं तर तिला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते एवढंच, की पट्टी आणि टेपने एका सकाळी पाच मिनिटांत जे दिसलं होतं, ते पटायला एका गाडीचे ब्रेक जाळावे लागले. आणि अजून पटलं नव्हतंच.

वरून मावशी आली होती, काठी टेकत, अर्ध्या रस्त्यापर्यंत. ती दगड लावलेल्या चाकांकडे पाहत उभी राहिली. मग भाचीला म्हणाली, "यात मी बसले असते."

"हो."

"मग आता काय? बस नाहीच?"

हा प्रश्न टक्केबाईला कुणी विचारलाच नव्हता. एवढे दिवस सगळे तिला विचारत होते की सही का करत नाहीस. ती पोत्यावरून उठली आणि मावशीला टेकडीच्या डाव्या कुशीकडे बोट दाखवलं, जिथे जुनी दगडखाण बंद पडली होती.

"टेकडी साठ मीटर उंच आहे. ती काही कमी होणार नाही. हा रस्ता पाचशे मीटरच्या आतच वर पोचतो, म्हणून इतका उभा. तेच साठ मीटर आपण आठशे मीटर आडवं फिरून चढलो, तर शंभराला साडेसात पडतात. खाणीच्या बाजूने वळसा घेऊन. नियमात बसतं."

"म्हणजे लांबून जायचं."

"लांबून जायचं."

"आणि फोनवर किती दाखवेल?"

टक्केबाई हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच. "चार. चाराच्या थोडं वर."

मावशीने मान हलवली. "मग हेच लोक म्हणतील, नुसता चार आहे, एवढा खर्च कशाला."

असंच म्हणाले. वळशाचा आराखडा तिने केला. मोठ्या साहेबांनी या वेळी खिडकीबाहेर न पाहता सही केली. चाचणीच्या दिवशी तेही आले होते आणि चाकांतून निघालेला धूर बघून परत गेले होते. पण मंजुरीच्या बैठकीत कुणीतरी विचारलंच, की सातावरून चारावर यायला एवढा मोठा वळसा कशाला, तीन अंशांनी काय होतं. तिने पुन्हा पिशवीतून पट्टी काढली. बैठकीच्या टेबलावर एक फाइल तिरकी ठेवून, पट्टी धरून, टेप लावून पुन्हा सगळं सांगितलं. एकाने विचारलं, मग अंशाला पावणेदोनने गुणलं की टक्के मिळतात का. तिला बरं वाटलं. निदान हा विचार करत होता. "लहान चढाला चालतं," ती म्हणाली. "मोठ्याला नाही. पंचेचाळिसाला गुणून बघा, शंभर येत नाहीत." त्याने खरोखर कागदावर गुणून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. बाकीचे चहाची वाट बघत होते.

काम सुरू झालं, रखडलं, पुन्हा सुरू झालं. खाणीच्या कडेला भिंत बांधावी लागली. ठेकेदाराच्या माणसाकडे नवं मोजायचं यंत्र होतं, बटण दाबलं की अंश, पुन्हा दाबलं की टक्के. ती साइटवर गेली की आधी बटण बघायची. दोनदा चुकीचं निघालं. दुसऱ्यांदा तिने यंत्राच्या पाठीला चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात ‘टक्के’ लिहून टाकलं. ठेकेदाराने ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसला.

बस सुरू झाली त्या दिवशी नगरसेवकांनी भाषण केलं आणि वळशाची कल्पना आपल्याला एका पहाटे सुचल्याचं सांगितलं. डेपो मॅनेजर मात्र भाषणानंतर तिच्याकडे आले. "मॅडम, मी आता फोनमधली ती सेटिंग बदलून घेतली. टक्के दाखवते."

"छान केलंत."

"पण आता घराच्या जिन्याच्या कठड्यावर ठेवला तर साठ दाखवतो. बायको घाबरली."

तिने त्यांना समजावलं नाही. जिना तेवढा उभा असतोच.

पहिल्या फेरीत ती मावशीला घेऊन बसली. बस खाणीला वळसा घालत, सावकाश, एका सुरात चढत होती. मधल्या थांब्यावर थांबली, निघाली, मागे सरकली नाही. मामा आरशातून तिच्याकडे पाहून नुसतं हसले. खिडकीतून जुना सरळ रस्ता खाली दिसत होता. त्यावरून आधीच पायी निघालेली माणसं बसच्या आधी वर पोचत होती, आणि बसमधले काही जण त्यांच्याकडे बोट दाखवत होते.

"केवढा हा फेरा," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. "सरळ रस्ता होता की. कुणी हे डोकं चालवलं?"

मावशीने मागे वळून त्या माणसाकडे पाहिलं. टक्केबाईने तिच्या हातावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"माझ्या भाचीनं," मावशी म्हणाली. "आणि तो सरळ रस्ता सव्वाबारा टक्के आहे. अंश नाही हं. टक्के. आधी समजून घे, मग बोल."

तो माणूस शेजाऱ्याकडे वळला. त्याने त्याला हळूच विचारलं, "टक्के कुणी घेतले?"

टक्केबाईने डोळे मिटून खिडकीला डोकं टेकवलं. बस चढत राहिली.